एक गोष्ट द्या, कोणतीही चालेल

‘सर, अंकासाठी एक गोष्ट द्या. कोन्तीबी चालते.’ मराठवाड्यात थोडेफार लिहिणाऱ्या प्रत्येकाकडे ही मागणी वर्षातून दोन-चारदा येतेच. मागणारा कधी शाळेच्या हस्तलिखिताचे काम गळ्यात पडलेला शिक्षक असतो, कधी गणेश मंडळाच्या स्मरणिकेसाठी धावपळ करणारा कार्यकर्ता, कधी तालुक्याच्या गावाहून निघणाऱ्या दिवाळी अंकाचा संपादक. आपण लेखकाला मोकळीक दिली, अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. खरे तर त्याने आपल्या वाटचे निम्मे काम लेखकाच्या अंगावर टाकलेले असते. ‘कोणतीही’ गोष्ट कोणालाच लिहिता येत नाही. ती कोणासाठी, केवढी, कोणाकोणाची आणि कोणत्या जातकुळीची, हे कुणीतरी ठरवल्याशिवाय पहिले वाक्य कागदावर उतरत नाही, आणि मागणाऱ्याने ठरवले नसेल तर लेखकाला ठरवावे लागते.

मागणी आल्यापासून पहिले वाक्य लिहीपर्यंतचा जो अवधी असतो, त्याचाच या पुस्तकात विचार केला आहे. कथेच्या अंतरंगाबद्दल मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. ना. सी. फडक्यांच्या ‘प्रतिभासाधना’पासून (१९३१) नवकथेच्या समीक्षेपर्यंत तंत्राचा, अनुभवाचा, भाषेचा भरपूर ऊहापोह झाला. मागणीवरून लिहिलेल्या कथेकडे मात्र जरा नाक मुरडूनच पाहिले गेले, जणू खरी कथा मागितल्याशिवायच सुचते. मराठी कथेचा मोठा भाग मागणीवरूनच लिहिला गेला आहे. त्यामुळे हे नाक मुरडणे मला फारसे कळलेले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की या चार निर्णयांना क्रम आहे. वाचक आधी, मग लांबी, लांबीतून पात्रे, आणि प्रकार सगळ्यांत शेवटी. नवा लेखक नेमका उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. ‘विनोदी लिहू, का गूढ लिहू, का ग्रामीण?’ इथेच तो दोन दिवस अडतो. प्रकार ठरला की पात्रे जमवतो, पात्रे जमली की लिहीत सुटतो, आणि वाचक कोण हे त्याला अंक छापून आल्यावर समजते.

या क्रमाला आधार शोधायला लांब जायला नको. जवळा बाजारहून हिंगोलीकडे निघाले की वाटेत औंढा नागनाथ लागते. नामदेवांचे नर्सीही याच जिल्ह्यात. औंढ्याच्या देवळाभोवती नामदेवांच्या दोन आख्यायिका गुंफलेल्या आहेत आणि इथल्या बहुतेकांनी त्या लहानपणी ऐकलेल्या असतात. पहिलीत नामदेव गुरूच्या शोधात देवळात येतात. तिथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले दिसतात. नामदेव संतापतात. विसोबा म्हणतात, बाबा रे, मी म्हातारा झालो, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून दुसरीकडे ठेवतात तर तिथे पिंड, तिसरीकडे ठेवतात तर तिथेही पिंड. दुसरी आख्यायिका देऊळ फिरल्याची. नामदेव देवळासमोर कीर्तन करीत असतात, त्यांना तिथून उठवून मागे पाठवले जाते, ते मागच्या बाजूला कीर्तन करू लागतात आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करते. औंढ्याला नंदी नेहमीच्या जागी का नाही, याचे उत्तर म्हणूनही ती सांगतात.

संत तोच आणि देऊळही तेच, पण दोन्हींची बांधणी अगदी वेगळी आहे. पहिलीत दोनच माणसे आहेत आणि एकच कृती पुन्हा पुन्हा घडते. कोपऱ्यात उभे राहून पाहणारा एखादा पुजारी तिथे घालून बघा, कथा तत्काळ बिघडते. शिष्याच्या आत बसलेला धक्का बाहेर येतो आणि तो नुसता पाहण्याजोगा चमत्कार होऊन बसतो. दुसरीचे गर्दीवाचून चालत नाही. नामदेवांना उठवले तेही लोकांनी, आणि देऊळ फिरले हे पाहायचे तेही लोकांनीच. तिथे दोनच माणसे ठेवली तर कथा उरतच नाही. पात्रे किती घ्यावीत, हा लेखकाच्या हौसेचा प्रश्न नाही. ज्या गोष्टीवर कथा उलटते, ती कोणाच्या देखत घडायला हवी, यावर तो ठरतो.

आता सप्ताहातला कीर्तनकार पाहा. संयोजकांनी त्यालाही ‘महाराज, तुमचं काय ते करा’ एवढेच सांगितलेले असते. पण तो व्यासपीठावर उभा राहतो तेव्हा पुढे कोण बसले आहे ते त्याला दिसत असते. पोरे पुढे, बायका एका बाजूला, टाळकरी मागे उभे, आणि काल येऊन गेलेल्या महाराजांनी कोणते दृष्टांत दिले हे कुणीतरी कानात सांगितलेले. वारकरी कीर्तनात अभंग मुख्य असल्याने विसोबांची कथा त्याच्या एखाद्या चरणाचा उलगडा करण्यापुरती येते आणि पाच मिनिटांत संपते. नारदीय कीर्तनात उत्तररंग सगळाच आख्यानाचा असतो. तिथे तीच कथा तासभर चालते. नामदेवांचा प्रवास, वाटेतली माणसे, गोरोबाकाकांनी कच्चे ठरवलेले मडके, सगळे तिच्यात मावते. कीर्तनकाराला प्रकार निवडावा लागत नाही, कारण समोरचे श्रोते आणि हाताशी असलेला वेळ यांनी तो ठरवून टाकलेला असतो. छापील अंकात लिहिणाऱ्याला समोरचे काही दिसत नाही. त्याची सगळी अडचण यातून निघते.

हेच आणखी मागे जाऊन तेराव्या शतकातल्या ‘दृष्टांतपाठा’त पाहता येते. चक्रधरांनी सांगितलेले ११४ दृष्टांत केशिराजबासांनी सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशा तीन भागांत मांडले. आधी सूत्र, मग छोटी कथा, मग त्या कथेचा सूत्राशी लागणारा मेळ. हत्तीला चाचपणाऱ्या आंधळ्यांचा प्रसिद्ध दृष्टांत यातलाच. त्या आंधळ्यांना नावे नाहीत, गाव नाही, घरदार नाही. प्रत्येकाच्या वाट्याला हत्तीचा एक अवयव आणि एक चूक एवढेच येते. हे कथाकाराचे दारिद्र्य नव्हे. श्रोता सूत्र समजून घ्यायला बसला आहे. एका आंधळ्याला जरी नाव आणि बायको दिली, तर श्रोत्याचे लक्ष हत्तीवरून उठून तिच्याकडे जाईल. आजही शाळेच्या पेपरात मुद्द्यांवरून जी कथा लिहायला सांगतात आणि खाली तात्पर्य मागतात, तिचे कूळ इथेच सापडते.

छपाई आल्यावर श्रोता नजरेआड गेला आणि त्याच्या जागी संपादक आला. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने (१८९०) स्फुट गोष्टींना जागा दिली. काशिनाथ रघुनाथ मित्रांचे ‘मनोरंजन’ १८९५ मध्ये सुरू झाले आणि त्यातून वि. सी. गुर्जरांसारखे लेखक ‘संपूर्ण गोष्ट’ लिहू लागले. क्रमशः कादंबरीची सवय असलेल्या वाचकाला एका अंकात सुरू होऊन त्याच अंकात संपणारी गोष्ट मिळाली. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून ‘एक कथा पाठवा’ हे पत्र मराठी लेखकाच्या घरी पावसाळ्याबरोबर यायला लागले. त्या पत्रात वाचक क्वचितच सांगितलेला असतो. पण अंकाचे नावच पुष्कळसे बोलते. ‘किशोर’ म्हटले की वयोगट कळतो, विनोदाला वाहिलेल्या अंकाचे नाव ऐकले की प्रकार कळतो. पंचाईत होते ती स्मरणिकेची, कारण ती कोण वाचणार हे छापणाऱ्यालाही ठाऊक नसते.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक भक्कम उदाहरण आहे आणि ते इथेच मांडलेले बरे. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे ‘सत्यकथा’ मासिक लेखकाला वाचक, लांबी, प्रकार यांतले काहीच आधी सांगत नसे. कथा आली की तिच्यावर पत्रव्यवहार सुरू होई, पुनर्लेखने होत, आणि कथा स्वतःची लांबी स्वतः शोधी. नवकथेतल्या कितीतरी चांगल्या गोष्टी अशा वाटेने आल्या. पण निर्णय तिथेही टळले नव्हते, ते लेखनानंतर घेतले जात एवढेच. त्यासाठी महिनोन्महिने एका कथेवर पत्रे लिहिणारा संपादक लागतो. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद झाले. गावच्या स्मरणिकेचा संपादक कथा मिळताच ती टायपिंगला देतो.

लांबीचा हिशेब नवख्याला कंटाळवाणा वाटतो, पण तो एकदा डोक्यात बसला की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. दोन माणसे समोरासमोर येतात, काहीतरी बोलतात आणि परिस्थिती थोडी बदलते, असा एक प्रसंग नीट उभा करायला मला चारशे ते सहाशे शब्द लागतात. परीक्षेच्या ऐंशी-नव्वद शब्दांत म्हणजे एकही प्रसंग मावत नाही. तिथे घडले ते सांगून टाकायचे असते, घडताना दाखवायचे नसते. आकाशवाणीवर दहा मिनिटे मिळाली तर मिनिटाला सुमारे एकशेवीस शब्दांच्या संथ वाचनाने बाराशे शब्द होतात, म्हणजे जेमतेम दोन प्रसंग. दिवाळी अंकाच्या तीन हजार शब्दांत पाच-सहा प्रसंग बसतात. त्यापुढे दीर्घकथेचा प्रदेश लागतो. तिथे गावातले राजकारण, घरातली भांडणे आणि पिकाचा अख्खा हंगाम एकमेकांत विणता येतो. शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमट्यांची कथा या प्रदेशातली आहे. त्यांच्या ‘आलोक’ या संग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. असा ऐवज बाराशे शब्दांत कोंबला तर त्याचे बातमीपत्र होते.

ऐकण्याच्या कथेचे आणखी एक बंधन असते. द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर गावोगावी जाऊन कथाकथन करीत. त्यांच्या कथा छापील पानावर वाचतानाही लक्षात येते की माणसे थोडी आहेत, प्रत्येकाचे बोलणे दुसऱ्यापेक्षा वेगळे आहे, आणि कोण बोलतो आहे हे नाव न घेताही कळते. वाचकाचा गोंधळ झाला तर तो पान मागे उलटतो. श्रोत्याला ती सोय नाही.

आता जवळा बाजारचीच एक मागणी घेऊन चारही निर्णय घेऊन पाहू. मागणी अशी : ‘आपल्या बाजारावर एक गोष्ट द्या.’ एवढेच. पुढे सांगतो तो प्रसंग मी रचलेला आहे, पण मोंढ्यात उभ्या राहिलेल्या माणसाला तो अनोळखी वाटू नये.

एक शेतकरी सोयाबीनचे कट्टे घेऊन मोंढ्यात येतो. अडत्याच्या ओट्यावर माल ओततात, मूठभर दाणे हातावर घेऊन मातेरे किती, ओलावा किती ते पाहतात, बोली होते आणि ४,२०० रुपये क्विंटलला सौदा तुटतो. काट्यावर ८ क्विंटल ४० किलो भरते. हिशेब ३५,२८० रुपयांचा. मुनीम गर्दीत पट्टी लिहितो आणि ८ च्या जागी ९ पडतो. पट्टी होते ३९,४८० ची. हमाली-तोलाई वजा करून शेतकरी पैसे खिशात घालतो, बसस्टँडवर चहा पिता पिता पट्टी उलगडतो, आणि ४,२०० रुपये जास्त आल्याचे त्याच्या ध्यानात येते.

मागणी शाळेकडून आली असेल आणि वाचक नववी-दहावीचा मुलगा असेल, तर गोष्ट चटकन होते. शेतकरी परत जातो, पैसे देतो, अडत्या त्याला शाबासकी देतो, तात्पर्य प्रामाणिकपणा. नव्वद शब्दांत दोन पात्रे पुरतात आणि त्यांना नावे द्यायचीही गरज नाही. ही गोष्ट वाईट नाही. दृष्टांताच्या जातीची आहे आणि तेवढेच तिचे काम आहे. तिच्यात शेतकऱ्याची बायको, त्याचे कर्ज, पोराची फी आली की ती बिघडलीच म्हणून समजावे. ओळखण्याची खूण सोपी आहे : तात्पर्य काढून टाकले तर गोष्ट अर्धवट वाटते का? नव्वद शब्दांच्या गोष्टीत ती वाटलीच पाहिजे. तीन हजारांच्या गोष्टीत मात्र तात्पर्य लिहायला जागाच सापडता कामा नये.

वाचक मोठा झाला की तो लगेच एक प्रश्न विचारतो, आणि मोंढा माहीत असलेला वाचक तर पहिल्याच पानावर विचारतो : ‘कडत्याचं काय?’ क्विंटलमागे किलोभर माल ‘कडता’ म्हणून कापायची चाल अनेक बाजारांत होती, आणि ती गेली असे सांगितल्यानंतरही शेतकऱ्याच्या मनातून ती जात नाही. आठ क्विंटल चाळीस किलोवर क्विंटलमागे किलो धरला तर साधारण साडेआठ किलो, म्हणजे या भावाने साडेतीनशे रुपये. दरवर्षी एवढाच माल आणि हाच भाव धरला, तर मुनिमाच्या त्या एका चुकीतले ४,२०० रुपये जवळपास बारा वर्षांच्या कडत्याएवढे भरतात. बसस्टँडवर बसलेल्या शेतकऱ्याने हा हिशेब मनातल्या मनात केला की गोष्टीचे रूपच पालटते. पैसे परत करणे हा प्रामाणिकपणा, की ठेवून घेणे ही वसुली? लेखकाने काही नवे रचलेले नाही. वाचक बदलला आणि त्याने स्वतःची माहिती गोष्टीत आणून ठेवली.

तरीही ही गोष्ट दोन माणसांतच राहिली तर ती वादविवादाची होते. शेतकरी बरोबर की अडत्या बरोबर, एवढेच तिच्यातून उरते. तिसरे पात्र इथे लागते आणि ते आधीपासून तिथेच बसलेले असते, ते म्हणजे पट्टी लिहिणारा मुनीम. संध्याकाळी गल्ला जुळणार नाही. तूट त्याच्या पगारातून कापली जाईल, आणि त्याचा पगार काही फार नसतो. आता शेतकऱ्याने बारा वर्षांचा कडता वसूल केला तरी तो ज्याने घेतला त्याच्या खिशातून निघत नाही. मुनीम आला आणि गोष्टीला तिची गाठ पडली. विसोबांच्या कथेत तिसरा माणूस नको होता, इथे तिसऱ्यावाचून चालत नाही. हमाल, शेतकऱ्याचा मेव्हणा, चहावाला, पोलीस पाटील, ही सगळी मोंढ्यात असतात, पण गोष्टीत यांची गरज नाही. त्यांतला एखादा आलाच तर कामापुरता यावा आणि बिननावाचाच जावा.

नावावरून एक व्यवहाराची गोष्ट. जवळा बाजारसारख्या गावात अडतीची दुकाने मोजकी असतात. मुनिमाला डोळ्यांवर चष्मा आणि तोंडात सुपारी दिली की वाचणारे दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन उभे राहतात. पुण्याच्या अंकात ज्या तपशिलाने पात्र जिवंत होते, त्याच तपशिलाने गावच्या स्मरणिकेत भांडण लागते. अशा वेळी मी माणसाचा चेहरा सोडून देतो आणि त्याचा हात घेतो. पट्टी लिहिताना अंगठ्याला लागलेली शाई, आकड्यांवर रेघ ओढायची घाई, उरलेल्या कार्बनची काळजी. हे कोणत्याही मुनिमाचे असू शकते, म्हणून कुणाचेच राहत नाही.

वाचक ठरला की भाषाही ठरते. ‘कडता’, ‘पट्टी’, ‘मातेरं’ हे शब्द जवळ्याच्या वाचकाला समजावून सांगितले तर तो नाराज होतो, आपल्याला परका समजले असे त्याला वाटते. पुण्या-मुंबईच्या अंकासाठी लिहिताना ते समजायला तर हवेत, पण कंस करून अर्थ दिला की गोष्टीची लय मोडते. त्यावरचा तोडगा असा की शब्द आधी कृतीतून दाखवावा. अडत्याने वजनातून आकडा कापला आणि शेतकरी खाली मान घालून ‘हा कडता कधी जायलाय कुनास ठाऊक’ म्हणाला, की कुठल्याही वाचकाला अर्थ कळला. संवादात बोली, निवेदनात प्रमाण भाषा, ही जुनी वहिवाट मला अजूनही पुष्कळ ठिकाणी सोयीची वाटते. निवेदन करणारा स्वतः गावचाच असेल तर मात्र ती मोडावी लागते.

निवेदक कोण, हा पात्रांचाच एक भाग आहे आणि तो फार मोठा. भास्कर चंदनशिवांची ‘लाल चिखल’ ही मराठवाड्यातल्या बाजाराची कथा अनेकांनी शाळेत वाचली असेल. बापाबरोबर टोमॅटो विकायला आलेला शाळकरी मुलगा ती सांगतो. भाव पडत जातो आणि शेवटी बाप ते टोमॅटो पायांखाली तुडवतो. ही कथा बापाने सांगितली असती तर गाऱ्हाणे झाले असते. अडत्याच्या किंवा गिऱ्हाइकाच्या तोंडी ती गेली असती तर लोकांना एक तमाशा पाहायला मिळाला असता. मुलाला भावाचे गणित पुरते उमगत नाही, बापाचा चेहरा मात्र दिसतो, म्हणून वाचकाला दोन्ही कळते. आमच्या पट्टीच्या गोष्टीत मी निवेदन शेतकऱ्याकडे देणार नाही. त्याच्याकडे दिले की बारा वर्षांचा हिशेब तोच मांडणार आणि स्वतःला सोडवून घेणार. मुनिमाच्या बाजूने सांगितली तर आपल्या हातून काय झाले हे त्याला संध्याकाळपर्यंत माहीत नाही, आणि वाचकाला ते आधीच कळलेले असते. गल्ला मोजताना त्याचे बोट अडखळेपर्यंत मग वाचकाला दम धरून बसावे लागते.

आता कुठे प्रकाराचा प्रश्न येतो, आणि इथवर आलेल्याला तो फारसा अडवत नाही. मुनिमाच्या बाजूने, तीन पात्रांत, प्रौढ वाचकासाठी सांगितलेली ही गोष्ट सामाजिक वास्तवाची होणार हे उघड आहे. पण हीच माणसे घेऊन ती विनोदी करायची झाली, तर शेतकऱ्याने बसस्टँडवर कुणालातरी विचारायची चूक करावी. मग प्रत्येक जण सल्ला देतो, ४,२०० चे कुणी ५,००० करतो, गावी पोचेपर्यंत अख्ख्या बसला ते माहीत होते, आणि शेवटी अडत्याच फोन करून विचारतो की तुम्ही दहा हजार कसे नेले म्हणे. इथे माणसे वाढवायला हरकत नाही, कारण विनोद त्यांच्यामुळेच घडतो. रहस्यकथा करायची तर आकडा चुकून पडला की मुद्दाम, हा प्रश्न शेवटपर्यंत लपवावा लागेल, आणि त्यासाठी मुनिमाला काही कारण हवे. प्रत्येक प्रकार वाचकाला काहीतरी आश्वासन देतो. विनोदी म्हणून सुरू केलेल्या गोष्टीत शेवटी मुनिमाने फास लावून घेतला, तर वाचक लेखकाला माफ करीत नाही आणि ते रास्तच आहे.

प्रकार बाहेरून ठरून आला तरी वाचक शोधावाच लागतो. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप असे होते. ते जयंत नारळीकर असल्याचे नंतर कळले. नाव बदलून त्यांनी आपल्या कीर्तीचा प्रश्न मिटवला. पण कथेपुढचा खरा प्रश्न वाचकाचा होता. कृष्णविवर म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही अशा मराठी वाचकाला ते व्याख्यान न देता कळले पाहिजे, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला चूक सापडता कामा नये. कडत्याची अडचण याच जातीची आहे.

मागणी करणाऱ्याला मग उत्तर काय द्यावे? या पुस्तकातल्या पहिल्या प्रकरणात अशा उत्तरांचे नमुने दिले आहेत. माझा स्वतःचा नमुना चार ओळींचा असतो. अंक कोण वाचणार, गावातले की बाहेरचे? घरात बसून वाचणार की कार्यक्रमात वाचून दाखवणार? किती पाने? शेवटची तारीख? विषय आणि प्रकार मी विचारत नाही. विचारले की समोरचा माणूस घाबरून ‘काहीतरी चांगलं’ असे म्हणतो आणि पुढचे दार लागते. पानांचा प्रश्न त्याला लगेच कळतो, कारण छपाईचा खर्च त्यालाच करायचा असतो.

उत्तर आले तरी ते बदलते, याची तयारी ठेवावी. जाहिराती वाढल्या, पाने कमी झाली, आणि तीन हजारांची गोष्ट बाराशेवर आणायची वेळ आली, हे हमखास घडते. अशा वेळी बहुतेक जण प्रत्येक परिच्छेदातली दोन-दोन वाक्ये छाटतात. त्याने गोष्ट लहान होत नाही, नुसती कोरडी होते. पूर्ण प्रसंग काढावा. पट्टीच्या गोष्टीतून बोली लागतानाचा गलबला जाऊ शकतो, मुनिमाच्या घरचा प्रसंग जाऊ शकतो, शेतकऱ्याचा चहाही जाऊ शकतो. पट्टी लिहिण्याचा आणि गल्ला मोजण्याचा, हे दोन प्रसंग मात्र हलवता येत नाहीत, आणि बाराशे शब्दांत नेमके दोनच बसतात. कडत्याचा हिशेब तेव्हा शेतकऱ्याच्या मनातून काढून मुनिमाच्या तोंडी द्यावा लागेल : गल्ला जुळत नाही म्हणून जुन्या पट्ट्या उलटताना त्याच शेतकऱ्याच्या नावापुढे दरवर्षी कापलेले किलो त्याला दिसतात, आणि तो ते बेरजेला घेतो.

जवळा बाजार

दिवाळी अंकांचा हंगाम